उजवा ब्राँकस तोंडपाठ आहे, पण चित्रात सापडत नाही: स्वयंअध्ययन संचातल्या एका प्रश्नाबद्दल मदत हवी

शरीररचना_नागपूर | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी नागपुरात नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शरीररचना शिकवते. माझा एक वर्ग अर्धवेळ आहे. ३४ जणी, सगळ्या नोकरी करून शिकणाऱ्या. कुणी धंतोलीत खासगी दवाखान्यात आहे, कुणी कामठीकडे, दोघी तर उमरेडहून येतात. शनिवार-रविवारी वर्ग भरतो आणि त्यात निम्म्या जणी नाइट संपवून आलेल्या असतात. पंख्याखाली बसलं की डोळे मिटतात, त्यांना दोष कसा देणार?

म्हणून श्वसनसंस्थेचा भाग मोबाइलवर, आपापल्या वेळेत करता येईल असा छोटा संच बनवायला घेतला. चार तुकडे, प्रत्येक साधारण १० मिनिटांचा. नाक ते स्वरयंत्र, मग श्वासनलिका आणि दोन मुख्य ब्राँकस, मग फुप्फुसांचे लोब आणि शेवटी वायुकोश. थोडा मजकूर, एखादं चित्र आणि लगेच प्रश्न. सगळं गूगल फॉर्ममध्ये आहे, कारण दुसरं काही चालवायला आमच्याकडे माणूस नाही.

अडलंय दुसऱ्या तुकड्यात. ३१ जणींनी तो सोडवला. पहिला प्रश्न साधा होता: कुठला मुख्य ब्राँकस जास्त रुंद, आखूड आणि उभा असतो? २९ जणींनी ‘उजवा’ लिहिलं. दुसऱ्या प्रश्नाला चित्र आहे. वर श्वासनलिका, खाली दोन फांट्या, त्यांना अ आणि ब अशी नावं. ई टी ट्यूब, म्हणजे श्वास देण्यासाठी तोंडातून श्वासनलिकेत घातलेली नळी, गरजेपेक्षा खोल गेली तर बहुधा कुठल्या फांटीत जाईल, एवढंच विचारलंय. १७ जणींनी ‘ब’ निवडलं, आणि ब म्हणजे डावा ब्राँकस.

उत्तर माहीत आहे, दोन मिनिटांपूर्वी स्वतः लिहिलंय, आणि तरी चुकलं. माझं शिकवणं कमी पडलं की प्रश्नच वाईट आहे? रविवारच्या वर्गाआधी दुरुस्त करायचंय.

आई_बारावीची | रात्री १०:०५

ताई, लिंक मिळेल का? माझी मुलगी बारावीला आहे, नीट देणार आहे. श्वसनाचा धडा तिचा कच्चा आहे.

शरीररचना_नागपूर | रात्री १०:१२

देईन, पण हा संच तिच्या फारसा कामाचा नाही. नीटला वायूंची देवाणघेवाण आणि हिमोग्लोबिनचा आलेख जास्त विचारतात. हा खाटेशेजारी उभं राहणाऱ्यांसाठी आहे, त्यात ते जवळपास नाहीच.

फॉर्मवाला | रात्री १०:३०

मॅडम, मी प्रशिक्षणाचे फॉर्म आणि कोर्स बनवतो. मला दोष स्पष्ट दिसतो. तुमच्या चित्रात पेशंटची उजवी बाजू स्क्रीनच्या डावीकडे आहे. वाचणाऱ्याचं डोकं स्क्रीनचं उजवं धरतं. ‘उजवा’ हे उत्तर त्यांना माहीत होतंच, त्यांनी स्क्रीनवरच्या उजव्या फांटीवर बोट ठेवलं. चित्र आरशासारखं उलटं करून टाका. उजवा ब्राँकस उजवीकडे येईल आणि १७ चे २ होतील. पाच मिनिटांचं काम आहे.

निवृत्त_ट्यूटर | रात्री ११:२०

फॉर्मवाला, निदान अगदी बरोबर आहे. पण औषध देऊ नका ते. चित्र उलटं केलं की गुण वाढतील आणि सोमवारी त्याच मुली एक्स-रे हातात घेऊन उजव्याचं डावं करतील. छातीची फिल्म नेहमी पेशंट आपल्या समोर उभा असल्यासारखी वाचतात. सगळ्या पुस्तकांतली समोरून काढलेली चित्रं तशीच असतात. आपण खाटेच्या पायथ्याशी उभे राहतो तेव्हाही पेशंटचा उजवा हात आपल्या डावीकडेच असतो. म्हणजे ही बाजू ओळखणं हाच शिकवण्याचा भाग आहे, त्याला वळसा घालून चालणार नाही.

मॅडम, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात गुंतल्या आहेत. एक, चित्रातली उजवी बाजू कुठली. दोन, ट्यूब कुठे जाते आणि का. उत्तर चुकलं तर दोहोंपैकी काय चुकलं ते तुम्हाला कळत नाही, मुलीलाही कळत नाही. पहिल्या प्रश्नाला २९ बरोबर आहेत म्हणून आपण अंदाज करतोय, एवढंच.

आणखी एक विचारतो. त्या चित्रात दोन्ही फांट्या कशा काढल्या आहेत? कोनात फरक आहे का?

शरीररचना_नागपूर | रात्री ११:३५

सर, हातानेच काढलंय. उलट्या वाय अक्षरासारखं. दोन्ही सारख्याच.

निवृत्त_ट्यूटर | रात्री ११:५८

मग दुसरा दोषही सापडला. ज्या मुलीला ‘रुंद, आखूड, उभा’ हे नीट समजलंय ती बाजूंचा गोंधळ झाला तरी आकार बघून फांटी ओळखू शकली असती. तुमच्या चित्रात ओळखायला काही ठेवलंच नाही. नावाशिवाय आधार नाही आणि नाव बाजूवर अवलंबून.

मापात काढा. प्रौढ माणसाची श्वासनलिका साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब. उजवा मुख्य ब्राँकस सुमारे अडीच सेंटिमीटर, डावा सुमारे पाच, म्हणजे दुप्पट. मधल्या रेषेपासून उजवा साधारण २५ अंशांनी वळतो, डावा ४५ च्या आसपास. एवढं प्रमाण पाळलं की चित्र स्वतःच सांगतं की वरून सरळ आलेली नळी कुठे घसरेल. आणि डावा तसा का, तेही एका ओळीत घाला: डावीकडे हृदय आहे आणि महाधमनीची कमान त्या ब्राँकसवरून जाते, तिच्याखालून त्याला लांब आणि आडवं जावं लागतं. कारण कळलं की तीन विशेषणं पाठ करावी लागत नाहीत.

रात्रपाळी_आयसीयू | रविवार, पहाटे ३:१५

आत्ता ड्युटीवर आहे, जरा निवांत आहे म्हणून लिहून राहिले. ताई, हे चित्रातलं उजवं-डावं सोडा, आमच्याइथं हे दर आठवड्याला समोर येतं. मागे एका बाबांची कूस बदलली आम्ही दोघींनी. ट्यूबची पट्टी सैल होती, आमच्या ध्यानात नाही आलं. अर्ध्या तासानं सॅच्युरेशन हळूहळू उतरायला लागलं. मी आधी सक्शन केलं, काही फरक नाही. मग ट्यूबवरचा ओठाजवळचा आकडा पाहिला. चार्टवर २२ होता, तिथं २६ दिसून राहिला होता. डाव्या बाजूला स्टेथो लावला तं एअर एन्ट्री अगदी कमी. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी ट्यूब मागे घेतली, एक्स-रे काढला. बाबा सावरले.

मला उजवा ब्राँकस रुंद आहे हे जीएनएमच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं. पण त्या रात्री डोक्यात ‘उजवा’ घुमत होता आणि म्हणून मी स्टेथो आधी उजवीकडेच लावला. तिकडे आवाज चांगला आला, मला वाटलं सगळं ठीक. बिघाड डावीकडे ऐकू येतो हे कुणी शिकवलंच नव्हतं. तुमच्या प्रश्नात हे विचारा ना.

शरीररचना_नागपूर | सकाळी ७:०५

सिस्टर, हे वाचून मी बराच वेळ थांबले. माझा प्रश्न ‘ट्यूब कुठे जाईल’ इथेच संपतो. खाटेजवळ ट्यूब कुठे गेली ते दिसतच नाही, कुठला आवाज गेला तेवढं ऐकू येतं. प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा.

निवृत्त_ट्यूटर | सकाळी ८:३०

सिस्टरनी सांगितलेली घटना तशीच प्रश्नात बसवा. पर्याय मात्र विचार करून निवडा. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरा गैरसमज असला पाहिजे, भरतीचा पर्याय नको. मी असा लिहीन:

‘प्रौढ पेशंट, ई टी ट्यूब ओठाजवळ २२ वर. कूस बदलल्यावर आकडा २६ दिसतो आणि सॅच्युरेशन उतरतंय. स्टेथो लावल्यावर आवाज कुठे कमी येईल?’

पर्याय: उजवीकडे. डावीकडे. दोन्हीकडे सारखाच. आवाज फक्त पोटावर येईल.

‘उजवीकडे’ निवडणारीच्या मनात सिस्टरसारखंच होतं: ट्यूब उजवीकडे, म्हणजे बिघाडही उजवीकडे. ‘दोन्हीकडे सारखाच’ निवडणारीला श्वासनलिका जिथे दुभंगते त्या कॅरिनाच्या खाली ट्यूबचं टोक गेलं की हवा एकाच फांटीत जाते हे उमगलेलं नाही. पोटाचा पर्याय निवडणारी हे अन्ननलिकेत गेलेल्या ट्यूबशी गल्लत करते. तिघींना सांगायच्या गोष्टी तीन वेगळ्या आहेत. ‘चूक, पुन्हा वाचा’ असं एकच वाक्य तिघींना दिलंत तर प्रश्न मधे घालण्याचा उपयोगच काय?

फॉर्मवाला | सकाळी ९:१०

सर, चित्र उलटं करण्याचं मागे घेतो. एक्स-रेचा विचार मी केला नव्हता.

प्रत्येक पर्यायाला वेगळं उत्तर द्यायचं असेल तर फॉर्ममध्ये जमतं, पण नेहमीच्या प्रश्नमंजुषेच्या सोयीने नाही. त्यातला अभिप्राय फॉर्म जमा केल्यावरच दिसतो. लगेच दाखवायचा तर प्रत्येक प्रश्न स्वतंत्र विभागात ठेवा आणि प्रश्नाच्या तीन ठिपक्यांत `Go to section based on answer` सुरू करा. मग प्रत्येक पर्याय आपापल्या समजावणीच्या विभागात नेतो. ही सोय एकच उत्तर निवडायच्या प्रश्नांना आणि ड्रॉपडाउनला मिळते, अनेक खुणा करायच्या प्रश्नाला नाही.

दोन ठिकाणी हमखास फसतं. समजावणीच्या प्रत्येक विभागाच्या शेवटी पुढे कुठे जायचं तेही ठरवावं लागतं. ते विसरलं की फॉर्म पुढच्याच विभागात जातो, म्हणजे मुलगी एकामागून एक चारही समजावण्या वाचत बसते. स्वतः चार वेळा, दर वेळी वेगळा पर्याय निवडून, फॉर्म भरून बघितल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. चुकलेलीला परत त्याच प्रश्नावर पाठवू नका. तिने उत्तर बदललं की शीटमध्ये शेवटचं तेवढं उरतं, पहिली चूक पुसली जाते. मग तुमच्या शीटमध्ये सगळ्या जणी हुशार दिसतील. त्याऐवजी पुढे एक भावंड-प्रश्न ठेवा, गोष्ट तीच पण प्रसंग वेगळा. दोन्ही उत्तरं वेगळ्या रकान्यांत राहतील.

प्रत्येक प्रश्नाला हे करू नका. सहा प्रश्नांना चार-चार समजावण्या म्हणजे २४ विभाग, ते सांभाळता येत नाहीत. कळीच्या दोन प्रश्नांना करा, बाकी साधे ठेवा. मूडल असतं तर पर्यायागणिक अभिप्राय तिथे आयताच असतो.

दुसरं_वर्ष | दुपारी १:४५

मी याच प्रकारच्या वर्गात आहे, दुसऱ्या कॉलेजात. आमच्या मॅडमनी असाच संच दिला होता, त्यात नावं ओढून चित्रावर ठेवायची होती. माझ्या फोनवर ‘कॅरिना’ हा शब्द बोटाखाली झाकला जायचा आणि सोडला की भलत्याच जागी. तीनदा चुकले, चौथ्यांदा सोडून दिलं. मला कॅरिना माहीत होती. मॅडमना वाटलं मला माहीत नाही.

वेळेचं पण सांगते. मी खापरीहून मेट्रोनं सीताबर्डीला येते, तेवढाच माझा अभ्यासाचा वेळ. आवाजाचा व्हिडिओ असेल तर इअरफोन लागतो, ड्युटीवर तर तेही नाही. मधेच बेल वाजली की फोन खिशात. म्हणून विचारते, अर्धवट राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं का?

फॉर्मवाला | दुपारी २:००

गूगल खात्यात साइन इन करून फॉर्म उघडला असेल तर अर्धवट उत्तरं ३० दिवस जपून राहतात. साइन इन नसेल तर जातात. मॅडम, हे पहिल्या स्क्रीनवरच लिहा.

ओढून ठेवायच्या चित्राबद्दल ताई म्हणतात ते खरं आहे. मोठ्या स्क्रीनवर बनवणाऱ्याला ते छान दिसतं. फोनसाठी अ, ब, क, ड अशी ठळक अक्षरं चित्रात आणि खाली साधे पर्याय, हेच बरं.

बालरुग्ण_वॉर्ड | दुपारी ३:३०

एक शंका. सगळे ‘उजवीकडे जाते’ म्हणताहेत. आमच्या वॉर्डात शेंगदाणा अडकलेली मुलं येतात आणि डावीकडे अडकलेलंही बरंच पाहिलंय. आम्हाला सांगितलं गेलं की लहान मुलांत दोन्ही फांट्यांचे कोन जवळजवळ सारखे असतात. मग प्रश्नात ‘उजवा’ हे एकच उत्तर बरोबर कसं?

निवृत्त_ट्यूटर | सायंकाळी ५:१०

म्हणूनच मी ‘प्रौढ पेशंट’ लिहिलं. लहान मुलांच्या कोनांबद्दल पुस्तकांतही एकवाक्यता नाही. काही म्हणतात सारखे, काही म्हणतात तिथेही उजवा उभाच, फरक कमी. इतकं नक्की, की मुलांत उजवीकडचा कल प्रौढांइतका ठाम धरून चालू नये आणि दोन्ही बाजू तितक्याच काळजीने ऐकाव्यात. मॅडम, प्रश्नातून ‘प्रौढ’ शब्द गाळू नका, नाहीतर बालरुग्ण विभागातली मुलगी बरोबर विचार करूनही चुकेल.

नर्सिंग_सुपरवायझर | सायंकाळी ६:२०

आमच्याकडे शिकवतात की गिळताना ठसका लागून आत गेलेलं सगळं उजव्या खालच्या लोबमध्येच जातं. तोही प्रश्न घाला, सोपा आहे आणि परीक्षेत येतो.

निवृत्त_ट्यूटर | सायंकाळी ६:५५

अर्धं बरोबर. बसलेल्या किंवा उभ्या माणसात खालच्या लोबच्या तळाकडे जातं, उजवीकडे जास्त. पण आपला पेशंट बहुतेक वेळ पाठीवर आडवा असतो. तेव्हा सगळ्यात खाली येतात ते वरच्या लोबचा मागचा भाग आणि खालच्या लोबचा सर्वांत वरचा भाग, आणि द्रव तिथे उतरतो. प्रश्न घालायचा तर ‘पेशंट कसा झोपलेला आहे’ हे त्यात हवंच. ते नसेल तर तो प्रश्न पाठांतर तपासतो आणि तेही चुकीचं.

शरीररचना_नागपूर | रात्री ९:१५

आज वर्गात गेले तेव्हा नवं काही तयार नव्हतं, पण एक गोष्ट करून बघितली. ‘ब’ निवडलेल्या चौघींना वेगवेगळं बोलावून विचारलं, बोट ठेवून सांगा. तिघींनी स्क्रीनची उजवी बाजू धरली होती, फॉर्मवाला म्हणतात तसंच. चौथी म्हणाली, मॅडम, दोन्ही सारख्याच दिसत होत्या म्हणून अंदाजे मारलं. सर, तुमचे दोन्ही दोष चौघींत सापडले.

आता दुसरा तुकडा असा मांडलाय. पहिली स्क्रीन चित्राची नाहीच. तिथे सांगितलंय की फोन डाव्या हातात धरा, उजव्या हाताचं बोट गळ्याखालच्या खळगीत ठेवा आणि उरोस्थीवरून खाली सरकवा. साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. दुसरी बरगडी तिथेच जोडलेली असते आणि त्याच पातळीवर, आत खोल, श्वासनलिका दुभंगते. आता तेच बोट आपल्या उजव्या बाजूला न्या. आत आपला उजवा ब्राँकस आहे.

दुसऱ्या स्क्रीनवर खाटेच्या पायथ्यापासून दिसणारा पेशंट आणि एकच प्रश्न: याचा उजवा हात अ की ब? इथे ब्राँकसचं नावही नाही. तिसऱ्या स्क्रीनवर त्याच पेशंटच्या छातीत मापात काढलेल्या फांट्या. चौथ्यावर सिस्टरचा प्रसंग, चार पर्याय, चार समजावण्या. त्यानंतर भावंड-प्रश्न: छातीच्या फिल्मचं रेखाचित्र, कोपऱ्यात आर हा मार्कर, ट्यूबचं टोक एका फांटीत. कुठली फांटी आणि कुठली बाजू आधी ऐकाल?

एका गोष्टीवर मन ठरत नाही. याला गुण द्यावेत का? गुण दिले तर मुली एकमेकींना उत्तरं पाठवतात. नाही दिले तर थकून आलेली मुलगी हे का करेल?

नर्सिंग_सुपरवायझर | रात्री ९:४०

गुण द्याच. आमच्याकडे गुणांशिवाय काही उघडूनही बघत नाहीत.

दुसरं_वर्ष | रात्री ९:५५

मला नाही पटत. गुण असले की मी चुकायला घाबरते आणि मैत्रिणीला विचारून भरते. गुण नसले तर मला जे वाटतं तेच भरते. पूर्ण केल्याचे थोडे गुण द्या, बरोबर-चूक बघू नका.

निवृत्त_ट्यूटर | रात्री १०:३०

गुणांचं तुम्ही ठरवा, त्यात माझा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. पण काही दिवसांनी तोच प्रसंग पुन्हा एकदा पाठवा, एकटा, बाकी संचाशिवाय. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर मधे आठवून लिहिणारे पुढे होते. संच संपल्यावर लगेच मिळालेल्या बरोबर उत्तरांवर जाऊ नका. पुढच्या शनिवारी काय उरलं ते बघा.

शरीररचना_नागपूर | गुरुवार, रात्री १०:५०

सहा जणींकडून करून घेतलं. दुसऱ्या स्क्रीनवर दोघी अजूनही अडखळल्या, पण तिथेच. पुढे सहाही जणींनी उजवी फांटी बरोबर ओळखली. सिस्टरच्या प्रसंगात पाच बरोबर, एक ‘उजवीकडे’.

त्या एकीला फोन केला. ती आयसीयूत काम करते. म्हणाली, मॅडम, मी बघितलेल्या एका पेशंटमध्ये डावीकडचा आवाज गेला होता आणि उजवीकडे वर, कॉलरबोनखालीही कमी झाला होता. मग ‘उजवीकडे’ चूक कसं?

निवृत्त_ट्यूटर | रात्री ११:२५

ती बरोबर आहे आणि माझा प्रश्न ढिला होता. उजव्या वरच्या लोबची फांटी मुख्य ब्राँकसपासून फार लवकर फुटते, कॅरिनापासून साधारण दोन सेंटिमीटरवर. ट्यूब पुरेशी खोल गेली तर तिचा फुगा त्या फांटीचं तोंड झाकतो. मग उजवीकडे वरही आवाज उतरतो. पर्याय ‘डाव्या काखेत’ आणि ‘उजव्या काखेत’ असे करा. काखेत ऐकण्याचा आणखी एक फायदा: छातीच्या पुढच्या बाजूला मधल्या रेषेजवळ ऐकलं तर एका फुप्फुसाचा आवाज दुसरीकडेही पोचतो आणि फसवतो. त्या मुलीला माझा निरोप द्या की प्रश्न तिच्यामुळे सुधारला.

रात्रपाळी_आयसीयू | शुक्रवार, पहाटे ४:००

काखेतलं बरोबर आहे सर, आमचे डॉक्टर पण तिथंच ऐकतात. ताई, समजावणीत एक ओळ टाका: पेशंटची हनुवटी छातीकडे झुकली की ट्यूब आत सरकते, मान मागे गेली की बाहेर येते. उशी बदलली तरी आकडा पाहायचा. आम्ही नुसता टेप पाहून समाधान मानतो.

शरीररचना_नागपूर | शुक्रवार, रात्री ९:३०

दोन्ही बदल केले. उद्या सगळ्या वर्गाला जातोय. गुण पूर्ण केल्याचेच ठेवलेत, तेही या वेळेपुरते, कारण माझी खात्री अजून झालेली नाही.

आता तिसऱ्या तुकड्याचं, लोबचं, चित्र काढायला बसले आणि पुन्हा तिथेच अडकले. उजवा मधला लोब ऐकायचा तर समोरून, चौथ्या ते सहाव्या बरगडीच्या दरम्यान किंवा काखेकडून ऐकावा लागतो. पाठीवर बहुतेक भाग खालच्या लोबचा येतो, तिथे कितीही ऐकलं तरी मधला सापडत नाही. म्हणून मला समोरचं आणि पाठीचं अशी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लागणार. पण पाठीमागून बघताना पेशंटची उजवी बाजू आपल्याही उजवीकडे येते. म्हणजे आत्ता जे मोठ्या कष्टाने बसवलं तेच लगेच उलटं. पाठीच्या चित्राआधीही ‘उजवा हात कुठला’ अशी वेगळी स्क्रीन घालू का, की त्याने आणखी गोंधळ होईल?

दुसरं_वर्ष | शुक्रवार, रात्री १०:१०

घाला मॅडम. आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवू नका, फोनवर ती एवढीशी होतात. एकाखाली एक ठेवा. पाठीच्या चित्रात पेशंटचा एक हात वर उचललेला काढा, सलाइन लावलेला. दुसऱ्या चित्रातही तोच हात. मी परवा एका आजोबांची पाठ ऐकताना सलाइनच्याच हातावरून बाजू लक्षात ठेवली.